ग्रुपमधले मेसेज आपोआप पुसले जाणार : सोसायटीच्या नोटिसा यापुढे कुठे सापडतील

दि. ८ जून २०२५, सांगली

सर्व सभासद, भाडेकरू आणि बाहेरगावी राहणारे फ्लॅटधारक यांना नमस्कार.

मेसेज मोठा आहे. पण एकदा शांतपणे वाचावा, म्हणजे "ती नोटीस परत टाका ना" हा प्रश्न पुढे पडणार नाही.

रविवार, १५ जूनपासून आपल्या नेहमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सात दिवसांचा टायमर लागेल. त्यानंतर टाकलेला कुठलाही मेसेज, फोटो, व्हिडिओ सात दिवसांनी ग्रुपमधून आपोआप जाईल. आधीचे मेसेज आहेत तिथेच राहतील, कारण टायमर लावल्यानंतर आलेल्या मेसेजनाच तो लागू होतो. तेव्हा जुनं काही शोधायचं असेल तर घाबरून आज रात्रीच स्क्रीनशॉट काढत बसू नका.

सोबत "सूचना" नावाचा दुसरा ग्रुप सुरू होतोय. तिथे फक्त चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि मी लिहू शकतो. बाकी सगळ्यांनी वाचायचं. त्या ग्रुपला टायमर नाही. गप्पा, शुभेच्छा, "दुधाची पिशवी कुणाची राहिलीय", "लिफ्टमध्ये कुणाची चावी सापडलीय" हे सगळं नेहमीच्या ग्रुपवर. पाणी, पैसा, सभा, दुरुस्ती आणि पूर "सूचना"वर.

हे करायची वेळ का आली, ते थोडक्यात सांगतो. मार्च महिन्यात टाकी सफाईची सूचना ग्रुपवर टाकली होती. त्याआधीच आपल्यापैकी कुणीतरी, बहुधा फोन भरला म्हणून, ग्रुपचा टायमर चोवीस तासांवर नेला होता. कुणी केलं ते ग्रुपमध्ये दिसतं, पण त्यात जायची गरज नाही. तोवर ग्रुपचं सेटिंगच असं होतं की कुणीही सदस्य टायमर बदलू शकत होता. सूचना शनिवारी संध्याकाळी टाकली होती, सफाई सोमवारी होती. रविवारी रात्रीपर्यंत ती सगळ्यांच्याच फोनमधून गेली. ज्यांनी शनिवारी वाचली नव्हती त्यांना ती दिसलीच नाही आणि सोमवारी सकाळी ब विंगमध्ये अर्धवट आंघोळीत नळ बंद पडले. त्यावर जी भांडणं झाली त्यातला मुद्दा "मला सांगितलं नाही" आणि "सांगितलं होतं" एवढाच होता. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या आणि दाखवायला कुणाकडेच काही नव्हतं.

म्हणून पहिलं काम करून टाकलंय. दोन्ही ग्रुपचं सेटिंग बदलण्याची मुभा आता फक्त ॲडमिनना आहे. तुमच्या फोनवर Disappearing messages हा पर्याय दिसला तरी आपल्या ग्रुपसाठी तो बदलता येणार नाही. सात दिवस हाच काळ का, असं दोघांनी विचारलं. व्हॉट्सॲप तीनच मुदती देतं : २४ तास, ७ दिवस आणि ९० दिवस. चोवीस तासांचं काय होतं ते मार्चमध्ये पाहिलं. नव्वद दिवस ठेवले तर रोजच्या सुप्रभाताच्या गुलाबांचा तीन महिन्यांचा ढीग साचतो आणि ज्येष्ठ मंडळींचे फोन पुन्हा अडकतात. आठवड्यात साधारण सगळे एकदा तरी ग्रुप उघडतात, म्हणून सात.

काहींना वाटतंय की टायमर म्हणजे सगळं नाहीसं. तसं नाही, आणि हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवायला हवं. फोनमध्ये फोटो आपोआप उतरवून घेण्याचं सेटिंग चालू असेल तर ग्रुपमधून फोटो गेला तरी गॅलरीत राहतो. म्हणजे फोन रिकामा व्हावा म्हणून टायमर हवा असेल, तर ते ऑटो डाउनलोडही बंद करावं लागेल, नाहीतर उपयोग नाही. ज्यांना जमत नसेल त्यांनी रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये यावं, मी आणि अ विंगमधली दोन कॉलेजची मुलं करून देऊ. दुसरं, कुणी तुमच्या मेसेजला धरून उत्तर दिलं तर त्या उत्तराच्या वर तुमचा मजकूर सात दिवसांनंतरही दिसू शकतो. दुसऱ्या ग्रुपवर पाठवलेला मेसेजही तिथे राहतो. तेव्हा "आठवड्यात जातंयच की" म्हणून शेजाऱ्याबद्दल वाट्टेल ते लिहू नये. पार्किंगच्या वादात हे खास सांगतोय.

मेसेज दाबून धरला की Keep असाही एक पर्याय येतो. तो वापरून मेसेज ग्रुपमध्ये टिकवता येतो, पण ज्याने मुळात पाठवला तो माणूस ते रद्द करू शकतो. म्हणून सोसायटीची नोटीस जपायला त्यावर विसंबायचं नाही. पिन करून वर ठेवलेल्या मेसेजचंही तेच. पिनची मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची असते.

आता मुख्य मुद्दा, नोटिसा कुठे सापडतील.

कागद हाच आपला मूळ दस्तऐवज राहील. प्रत्येक नोटिशीला जावक क्रमांक पडेल, सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा शिक्का असेल. एक प्रत अ विंगच्या जिन्याजवळच्या काचेच्या फलकात, एक ब विंगच्या लिफ्टसमोर. फलकाची किल्ली वॉचमनकडे नाही, सेक्रेटरींकडे आहे, कारण मागच्या वर्षी थकबाकीची नोटीस दोन दिवसांत "वाऱ्याने" उडाली होती. काचेच्या आतून. मूळ प्रत बॉक्स फाइलमध्ये जाईल आणि ही फाइल तळमजल्यावरच्या ऑफिसात राहणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन फुटांच्या वर गेली तेव्हा आपल्या ऑफिसातलं खालच्या कप्प्यातलं सगळं गेलं. सभांची इतिवृत्तं चिखलातून काढून गच्चीवर दोरीला वाळत घातली होती, शाई पसरून निम्मी वाचता येत नव्हती. त्यामुळे फाइलींचं कपाट आता पहिल्या मजल्यावरच्या क्लब रूममध्ये आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा तिथे येऊन कुणीही सभासद पाहू शकतो. झेरॉक्स हवी असेल तर अर्ज करावा.

त्याच कागदाची स्कॅन प्रत गुगल ड्राइव्हवर जाईल. हे खातं माझं किंवा कुणा पदाधिकाऱ्याचं खाजगी नाही, सोसायटीच्या नावाने उघडलंय. पासवर्ड सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांकडे आहे आणि कमिटी बदलली की तो दप्तरासोबत पुढच्यांकडे जाईल. फोल्डर वर्षानुसार आहेत. फाइलीच्या नावात तारीख आधी लिहायची, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप तारखेने लागते :

```
2025-05-11_पार्किंग-ठराव.pdf
2025-06-08_ग्रुप-टायमर-सूचना.pdf
```

लिंक "सूचना" ग्रुपच्या वर्णनात ठेवली आहे. ग्रुपच्या नावावर टॅप केलं की वर्णन दिसतं, टायमरचा त्यावर परिणाम होत नाही. लिंक उघडायला आपला जीमेल पत्ता सेक्रेटरींना एकदा द्यावा लागेल. "लिंक असेल त्याला उघडू दे" असं ठेवलेलं नाही, कारण लिंक फिरत फिरत कुठे जाईल सांगता येत नाही. सभासदांना सगळं दिसेल. भाडेकरूंना पाणी, वीज, लिफ्ट, सफाई अशा रोजच्या नोटिसा दिसतील, इतिवृत्तं आणि हिशेब दिसणार नाहीत. थकबाकीदारांची यादी ड्राइव्हवर नाही आणि ग्रुपवरही टाकणार नाही. ज्याचं त्याला पत्र जाईल.

एक गैरसमज आत्ताच दूर करतो. व्हॉट्सॲपवर मेसेज आला म्हणजे सभेची नोटीस मिळाली, असं आपण धरत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि उपविधीप्रमाणे तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. ती दरवर्षीसारखी घरपोच, सही घेऊन दिली जाईल. पुण्या-मुंबईला असलेल्यांना नोंदवलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर. ग्रुपवरचा मेसेज ही फक्त आठवण. तसंच, ग्रुपवर "माझा विरोध आहे" असं लिहिलं तर तो अर्ज होत नाही. अर्ज कागदावर द्या, आवक क्रमांक घ्या. सात दिवसांनी तुमचा विरोध ग्रुपमधून पुसला जाईल आणि मग कमिटीला नावं ठेवून उपयोग नाही.

पावसाळ्यासाठी वेगळी व्यवस्था आहे आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आयर्विनजवळची पातळी तीस फुटांवर गेली की "पूर" नावाचा तिसरा ग्रुप चालू होईल. त्याला चोवीस तासांचा टायमर असेल. इशारा पातळी चाळीस फूट, धोका पातळी पंचेचाळीस, हे सांगलीत लहान पोरालाही ठाऊक आहे. अडचण आकड्याची नसते, आकडा कधीचा आहे याची असते. दर पावसाळ्यात कुणीतरी २०१९ चा पुलाचा फोटो "आत्ताची परिस्थिती" म्हणून पाठवतं आणि रात्री दोन वाजता लोक गाड्या काढायला धावतात. कोयनेतून विसर्ग वाढवल्याचा कालचा मेसेज आज पुन्हा फिरतो. पाण्याच्या बातमीचं भडंगासारखं आहे, ताजं असेल तोवरच खरं. म्हणून त्या ग्रुपवर शिळं राहू नये, एवढ्यासाठी चोवीस तास. पातळी टाकणाऱ्याने वेळ लिहायची : "सकाळी ८, ३६ फूट" अशी. वेळ नसलेला आकडा मी काढून टाकेन, राग मानू नये. खात्री नसलेले व्हिडिओ तर अजिबात नकोत.

मात्र नुकसानीचे फोटो त्या ग्रुपवर टाकून थांबू नका. २०१९ मध्ये पंचनाम्याच्या वेळी आणि विम्याच्या दाव्यात फोटो मागितले गेले आणि अनेकांचे फोटो कुठल्या ग्रुपवर होते तेच सापडेना. पाणी पार्किंगमध्ये शिरलं, मीटर रूममध्ये शिरलं, भिंतीवर पाण्याची रेघ उमटली, की फोटो काढा, फ्लॅट नंबर लिहून सोसायटीच्या ईमेलवर पाठवा. ते ड्राइव्हवरच्या "पूर-नुकसान" फोल्डरमध्ये जातील आणि तिथून काढले जाणार नाहीत. आपल्या खाजगी सामानाचे फोटो स्वतःकडेही ठेवा. सोसायटी फक्त सामाईक जागेचा हिशेब देऊ शकते.

जे व्हॉट्सॲप वापरत नाहीत, म्हणजे अ विंगमधले आपले दोन आजोबा आणि ब विंगमधल्या काकू, त्यांना पाणी आणि पुराच्या सूचना इंटरकॉमवरून कळवायच्या, ही जबाबदारी त्या त्या मजल्याच्या प्रतिनिधीची. फलक आहेच, पण गुडघेदुखीत रोज खाली कोण येणार.

मेंटेनन्स भरल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायची सवय आता सोडा. खजिनदारांना थेट पाठवा आणि पावती घ्या. सात दिवसांनी स्क्रीनशॉट जाईल, पावती राहील.

"सूचना" ग्रुपमध्ये शनिवार, १४ जूनपर्यंत सर्वांना घेतलं जाईल. एका फ्लॅटमधून दोन नंबर चालतील. ज्यांना नंबर बदलायचा आहे त्यांनी शुक्रवारी रात्री नऊपर्यंत मला वैयक्तिक मेसेज करावा, ग्रुपवर नको. रात्री दहानंतर फोन करू नये, पुराच्या दिवसांत कधीही केला तरी चालेल.

आपला,
ग्रुप ॲडमिन, ब विंग ३०२
(कमिटीच्या १ जूनच्या बैठकीतील निर्णयानुसार)

ता. क. : हीच सूचना छापून दोन्ही फलकांवर लावली आहे, जावक नोंदवहीत चढवली आहे आणि ड्राइव्हवरही आहे. या मेसेजखाली अंगठे आणि हात जोडलेल्या खुणा नकोत. वाचलं असेल तर फलकाजवळच्या यादीत फ्लॅट नंबरपुढे सही करावी.