कोळसा

आमच्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, 1986 सालच्या गुढीपाडव्याला एकवीस एकरांची वाटणी केली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. ज्वारीची मळणी उरकली होती, रान मोकळे पडले होते आणि सालगड्याचे वर्ष पाडव्यालाच पालटते, म्हणून अण्णांनी तो दिवस निवडला असावा. सकाळी गुढी उभारून, कडुनिंबाचा पाला वाटून ते तिन्ही मुलांना घेऊन रानात गेले. सोबत गावातले चार जाणते, सालगडी शिवा, एक लांब चऱ्हाट आणि बैलगाडीत घातलेले आठ दगड होते.

मंगळवेढ्याच्या भोवतीचे रान बाहेरच्या माणसाला सगळे सारखेच काळे दिसते, परंतु ते तसे नाही. आमच्या गटाची ओढ्याकडची बाजू पुरुषभर खोल काळीची, मधला पट्टा मध्यम, आणि रस्त्याकडचा माळ असा की वखराच्या पासेला खडा लागून ठिणगी उडावी. अण्णांनी एकवीसला तिनाने भागले नाही. माझ्या वडिलांना, ते थोरले, ओढ्याकडचे पाच एकर दिले. मधल्या तात्यांना मधले सहा. आणि धाकट्या बापूकाकांना माळाचे दहा एकर, त्यात विहीर. माळाच्या दोन एकरांत जेवढी ज्वारी होते तेवढी काळीच्या एका एकरात होते, हा हिशेब त्यांनी चार माणसांसमोर बोलून दाखवला आणि विहिरीच्या पाण्याची तिघांची पाळीही ठरवून दिली. कोणीतरी सुचवले, की तहसीलदाराकडे अर्ज देऊन वाटप नोंदवून घ्यावे. अण्णा म्हणाले, "घरातल्या भाकरीवर सरकारचा शिक्का कशाला?" त्या वेळी हे वाक्य सर्वांना फार आवडले होते.

पुढची एकतीस वर्षे ती वाटणी कोणी मोडली नाही. 1995 साली अण्णा गेले. वारस नोंदीत तिन्ही मुलांची नावे सातबाऱ्याला लागली, दोन्ही आत्यांची नावे इतर हक्कात गेली आणि खाते सामाईक राहिले. हिस्से लिहिलेले नाहीत, याची अडचण विकास सोसायटीचे पीककर्ज काढताना एकमेकांच्या संमतीच्या सह्या लागत तेवढीच होती, आणि त्या सह्या चहाच्या कपावर होत असत. माझे वडील, तात्या आणि बापूकाका एकामागून एक गेले, आम्ही चुलतभाऊ आपापल्या बांधाच्या आत राहिलो. मी सोलापुरात नोकरीला, रान वाट्याने दिलेले.

2017 साली सोलापूर–सांगली रस्त्याच्या रुंदीकरणासाठी भूसंपादनाची नोटीस आली. जाणार होता तो माळ. एक एकर बारा गुंठे. जो वाटा अण्णांनी कमी पिकतो म्हणून दुप्पट मोजून दिला होता, त्याच्या एका कडेला 28 लाखांचा मोबदला ठरला, आणि नोटीस सातबाऱ्यावरच्या सर्व नावांनी निघाली.

येथे मला माझ्याविषयी लिहिणे भाग आहे. माझ्या ओळखीच्या वकिलांनी कागद चाळून विचारले, "वाटणीपत्र?" मी नाही म्हणालो. "फेरफार? मोजणीचा नकाशा? निदान साध्या कागदावरची यादी?" तेही नव्हते. ते म्हणाले, तोंडी वाटणी झालीच नाही असे कायदा म्हणत नाही, ती झाल्याचे सिद्ध करा एवढेच म्हणतो. आणि सिद्ध करण्याचे ओझे तुमच्या धाकट्या काकांच्या मुलावर आहे, तुमच्यावर नाही. तुम्ही फक्त हरकत घ्यायची. मी ती घेतली. वाटणी मला माहीत नव्हती असे नाही. मी स्वतः त्या बैलगाडीत दगडांवर बसून गेलो होतो. परंतु हरकतीच्या अर्जात "अर्जदाराच्या माहितीप्रमाणे मिळकतीचे सरस-निरस वाटप झालेले नाही" हे वाक्य टंकलिखित होऊन समोर आले आणि खाली सही करायला जेमतेम क्षणभर लागला. तात्यांच्या मुलानेही सही केली.

बापूकाकांचा महादेव दोन महिने कागद शोधत होता. पत्र्याच्या पेटीत शेतसाऱ्याच्या पावत्या सापडल्या, पण त्या अण्णांच्या नावाच्या. पीकपाहणीत दर वर्षी एकवीस एकरांना एकच ज्वारी, कारण त्या काळात बांधावर न जाता चावडीत बसून रकाने भरले जात. 1991 चे विहिरीवरच्या मोटारीचे वीजबिल बापूकाकांच्या नावाचे निघाले. त्यावरून मोटार त्यांची ठरत होती, रान नव्हे. वाटणीच्या वेळच्या चार जाणत्यांपैकी कोणीही उरले नव्हते. उरला होता शिवामामा, ऐंशीच्या पुढचा, डोळ्यांत मोतीबिंदू.

प्रांत कचेरीतून प्रकरण जिल्हा न्यायालयाकडे जाणार हे कळल्यावर महादेवने आम्हा सर्वांना एका रविवारी रानात बोलावले. दोन्ही आत्याही आल्या. शिवामामाला खाटेवर घालून माळाच्या बांधापाशी आणले होते. त्याने चाचपून दगड ओळखला आणि म्हणाला, "ह्याच्या बुडाला उकरा. अण्णांनी माझ्याकडनं टोपलंभर कोळसा पुरून घेतलाय. दगड माणूस हलवतंय, कोळसा कुजत न्हाई."

महादेवने कुदळ घेतली. दगड कलंडला, खाली हातभर मुरूम निघाला आणि मग काळे खडे दिसू लागले. चुलीतले, बाभळीचे, जसेच्या तसे. पुढचे दोन दगडही तसेच निघाले. तात्यांचा मुलगा तेथेच म्हणाला, की मी हरकत मागे घेतो. मी काही बोललो नाही. वकील काय म्हणतील ते मला पाठ होते: कोळशावर तारीख नसते.

थोरल्या आत्या इतका वेळ बांधावर बसून होत्या. वाटणीच्या दिवशी त्या माहेरीच होत्या, सकाळच्या पोळ्या त्यांनीच लाटल्या होत्या आणि अण्णांनी त्यांना व धाकट्या आत्यांना एकेक इरकली लुगडे दिले होते. त्यांनी खड्ड्यात हात घालून एक कोळसा उचलला, बोटांनी चोळला आणि महादेवकडे न पाहता माझ्याकडे पाहून विचारले,

"तुमच्या तिघांचं सापडलं. आमच्या दोघींचा दगड कुठं पुरलाय, ते शिवाला इचार की."

शिवामामाने मान दुसरीकडे वळवली. महादेव कुदळीवर रेलून उभा राहिला. प्रांत कचेरीत मोबदल्याच्या संमतीपत्रावर कोणाकोणाच्या सह्या लागतात याची यादी माझ्या खिशात होती, आणि तीत आमच्या आधी त्या दोघींची नावे होती. आम्ही तिघांपैकी कोणीही ती यादी आत्यांना वाचून दाखवली नव्हती.

मी ती खिशातून काढून त्यांच्यासमोर धरली. चष्मा घरी राहिला आहे, असे त्या म्हणाल्या. मग मी ती मोठ्याने वाचू लागलो.