विषय : मंगळवारच्या बैठकीतला फवारणी तक्ता आणि त्यावरचं नाव

निलेश,

हे समोर बसून बोलायचं होतं. पण तू प्लॉट नोंदणीसाठी चांदवडकडे आहेस, आणि शनिवारी दिंडोरीची शेतकरी बैठक आहे, त्याआधी हा विषय मिटायला हवा. फोनवर एखादा शब्द तिरका गेला तर नंतर तोच लक्षात राहतो, मूळ मुद्दा बाजूला पडतो. म्हणून लिहिते आहे. मेल फक्त तुला आहे. सीसीमध्ये कोणी नाही आणि सरांशीही मी अजून बोललेले नाही.

मंगळवारच्या हंगामपूर्व बैठकीत तू जो तक्ता दाखवलास, म्हणजे प्रत्येक प्लॉटची गोडी छाटणीची तारीख, त्यापुढे फवारण्या, प्रत्येक औषधाचा पीएचआय आणि त्यावरून रेसिड्यूचा नमुना कधी घ्यायचा तो दिवस, तो तक्ता माझा आहे. पहिल्या स्लाइडवर ‘संकल्पना आणि मांडणी’ याखाली एकट्या तुझं नाव होतं. बोलतानाही ‘मी हे पावसाळ्यात बसवलं’ असं तू म्हणालास. सरांनी सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं, आणि संध्याकाळी तीच फाइल तुझ्या नावाने खरेदीदाराच्या प्रतिनिधीकडे गेली. मी त्याच टेबलावर बसले होते. माझं नाव ना स्लाइडवर आलं, ना बोलण्यात, ना मेलमध्ये.

तुझ्या मनात काय होतं याचा अंदाज मी बांधणार नाही. घाईत जुनी स्लाइड उचलली आणि नाव तसंच राहिलं, असं होऊ शकतं. पण ‘मी बसवलं’ हे घाईत राहून गेलेलं नाही, ते बोललं गेलं आहे, आणि ऐकणाऱ्यांनी ते खरं धरलं आहे. मला ते खूप लागलं. दोन दिवस गेल्यावर, शांत डोक्याने, तरीही तसंच वाटतं आहे.

तुझं जे आहे ते तुझंच आहे, हेही इथेच लिहिते. प्री-कूलिंगपासून कंटेनर न्हावा शेवाला पोहोचेपर्यंतचं वेळापत्रक सगळं तू केलंस. काढणीनंतर माल किती तासांत थंड व्हायला हवा आणि कोणत्या दिवशीचा माल कोणत्या कंटेनरमध्ये बसेल, हा भाग मला जमला नसता. स्लाइडवरचे रंगही तू दिलेस, त्यामुळे कोणता प्लॉट थांबवायचा हे लांबूनही दिसतं. मांडलंसही स्वच्छ. बैठकीत लोकांनी प्रश्न विचारले ते त्यामुळेच. यातलं काही कमी व्हावं असं मला वाटत नाही.

पोळ्याच्या आधी मी तुला तक्त्याची फाइल पाठवली होती. ‘भारी झालंय, बैठकीसाठी घेऊ का?’ असं तू विचारलंस आणि मी ‘घे’ म्हणाले. तो मेल खाली जोडला आहे. ते ‘घे’ वापरण्यासाठी होतं, आणि आजही आहे. आपण एकाच पॅकहाऊससाठी काम करतो, तक्ता कपाटात ठेवायला केलेला नाही. पण वापरायला देणं म्हणजे केल्याचं श्रेय देणं नव्हे, आणि तुलाही हे वेगळं सांगायला लागू नये. शेअर केलेल्या फाइलच्या जुन्या आवृत्त्यांत कोणता रकाना कधी आणि कोणी भरला ते दिसतं. तू एकदा बघून घे, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबायची गरज राहणार नाही.

आता ज्या कारणासाठी मी हे सोडून देऊ शकत नाही ते.

बैठकीत प्रतिनिधीने विचारलं की निफाडच्या आणि कादवाकाठच्या प्लॉटना काही औषधांसाठी लेबलवरच्या पीएचआयपेक्षा जास्त दिवस का धरले आहेत. तू उत्तर दिलंस, ‘लॅबची शिफारस आहे.’ लॅबने अशी शिफारस केलेली नाही. ते दिवस मी वाढवले आहेत. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा किती खाली जातो ते तुला माहीत आहे. शेतकरी मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करतात. अशा थंडीत औषधाचा अंश वेलीवर हळू उतरतो. लेबलवरचा दिवस धरून नमुना घेतला तर एखादा प्लॉट नेमका काठावर सापडेल. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते, आणि तिथे काठावर असणं म्हणजे कधीही फेल होणं. म्हणून मी थंड पट्ट्यातले प्लॉट वेगळे काढले आणि दिवस वाढवले. हा माझा निर्णय आहे. तो चुकला तर जाब मला विचारायला हवा, आणि त्यात बदल करायचा तर मला विचारून व्हायला हवा.

आज कागदावर तो निर्णय तुझा आहे आणि त्याला कारण म्हणून लॅबचं नाव लागलं आहे. उद्या प्रतिनिधीने लॅबला विचारलं तर ते नाही म्हणतील. मग संशय एका आकड्यावर थांबणार नाही, अख्ख्या तक्त्यावर येईल. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, ती गोष्ट आपल्या भागातले शेतकरी अजून सांगतात. त्या हंगामानंतर कितीतरी जणांना कर्ज फेडताना नाकी नऊ आले. आपण ग्रेपनेटवर प्लॉट नोंदवतो, नमुन्यांचा माग ठेवतो, त्याचा सगळा अर्थच हा की कोणता घड कुठून आला आणि कोणत्या दिवशी त्यावर काय मारलं याला उत्तर देणारा माणूस सापडावा. ज्या तक्त्यावरून आपण काढणीचा दिवस ठरवतो, त्यालाही तसा माणूस हवा.

दुसरी गोष्ट वह्यांची. डाऊनी, भुरी, थ्रिप्स, मिलीबग, प्रत्येकासाठी खरोखर काय आणि कधी मारलं हे मोहाडी, वणी, पिंपळगाव आणि ओझरच्या शेतकऱ्यांच्या फवारणीच्या वह्यांतून आलं आहे. या वह्या ते सहजासहजी कोणाला दाखवत नाहीत. दुकानदाराने सांगितलेलं औषध, पावसाच्या भीतीने वाढवलेली एक फवारणी, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेला डोस, सगळं त्यात खरं लिहिलेलं असतं. हे बाहेर गेलं तर माल नाकारला जाईल, अशी त्यांना धास्ती असते. मी त्यांच्या ओट्यावर बसून शब्द दिला होता की वहीतलं कोणाच्या नावानिशी बाहेर जाणार नाही, आणि जे तयार होईल ते मीच परत आणून समजावेन. शनिवारी यातलेच बरेचजण समोर असतील. तोच तक्ता दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या तोंडून त्यांनी पाहिला तर ‘ताईंनी आमच्या वह्या कोणाला दिल्या?’ हा प्रश्न पडणारच. पुढच्या वर्षी वही उघडणार नाहीत. मग माझ्याकडेही नाही आणि तुझ्याकडेही नाही, तक्ता भरायला काहीच उरणार नाही.

म्हणून मला तुझ्याकडून हे हवं आहे.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तू, तुझ्याच मेलवरून, मंगळवारची फाइल ज्यांना गेली त्या सगळ्यांना दुरुस्ती पाठव. सर आणि खरेदीदाराचे प्रतिनिधी दोघंही त्यात हवेत. सोबत पहिली स्लाइड बदललेली फाइल जोड. मजकूर असा चालेल, शब्द तुझे घातलेस तरी हरकत नाही, पण यातली माहिती राहू दे:

‘मंगळवारी सादर केलेला फवारणी आणि नमुना तक्ता अश्विनीने तयार केला आहे. शेतकऱ्यांच्या फवारणी वह्यांवरून माहिती जमवणं, पीएचआयची मांडणी आणि थंड पट्ट्यातल्या प्लॉटसाठी वाढवलेले दिवस हे काम तिचं आहे. स्लाइडवर तिचं नाव घालायचं राहिलं होतं, ते आता घातलं आहे. प्री-कूलिंग आणि कंटेनरचं वेळापत्रक माझं आहे. वाढवलेल्या दिवसांबद्दल मी लॅबची शिफारस असं म्हटलं होतं, ते बरोबर नव्हतं. त्याबद्दलचे प्रश्न कृपया अश्विनीला विचारावेत.’

तू माफी मागावीस असं मी म्हणत नाही. ती तुला मागावीशी वाटली तर माझ्याकडे माग, चारचौघांत नको. मला फक्त नोंद दुरुस्त हवी आहे, आणि जिथे चुकीची गेली तिथेच दुरुस्त हवी आहे. कॅन्टीनमध्ये तू मला ‘अगं, तुझंच आहे ते’ म्हणालास तर मला बरं वाटेल, पण प्रतिनिधीच्या इनबॉक्समध्ये काही बदलणार नाही.

शनिवारी दिंडोरीत तक्त्याचा भाग मी मांडेन, काढणीनंतरचा भाग तू मांड. थंड पट्ट्याचा प्रश्न तिथेही येणार, त्याचं उत्तर मी देईन. स्लाइडचा क्रम तू लावला आहेस तोच ठेवू, चांगला आहे.

मी लिहिलेल्यातलं काही तुला मान्य नसेल, एखादा रकाना तू केला होतास आणि मी तो माझ्याकडे धरला असेन, तर उद्या दुपारपर्यंत सांग. फाइल उघडून दोघं मिळून बघू आणि जे दिसेल तसं लिहू. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तुझ्याकडून काहीच आलं नाही तर शनिवारच्या आधी मला सरांना लिहावं लागेल. तो मेल तुला सीसी असेल, त्यात इथे आहे त्यापेक्षा एक शब्द जास्त नसेल, आणि पाठवण्याआधी मी तुला फोन करेन. तुझ्या पाठीमागे काही करणार नाही.

आपण तीन हंगाम शेजारी बसून काम केलं आहे. माझा नमुना उशिरा गेला त्या रात्री तू माझ्यासोबत पॅकहाऊसवर थांबला होतास, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच हे आधी तुला लिहिते आहे.

उद्या मी दुपारी एकनंतर ऑफिसात आहे. चांदवडहून परतताना ये किंवा तिथूनच फोन कर, नेटवर्क नसेल तर मेसेज टाक, मी परत लावते.

अश्विनी

(सोबत : पोळ्याआधीचा मेल आणि तक्त्याची मूळ फाइल)