संत्र्याच्या बागेला पाणी नेमकं किती जातं? (वरुड तालुका, छोट्या संशोधन निधीसाठी प्रस्ताव)

वरुड-मोर्शी भागाला ड्रायझोन म्हणायची आता सवयच झालीये, बोअर खोल खोल चालले, तरी एका बागेला वर्षाचं पाणी किती दिलं हे विचारलं तर कोणीच लिटरमध्ये सांगत नाही, "रात्रभर मोटर होती" एवढंच सांगतात. त्यात चूक त्यांची नाही. शेतीची लाईन आठवडाभर दिवसा तर आठवडाभर रात्री, मोटर ऑटोवर, लाईन आली की सुरू आणि गेली की बंद. म्हणजे पाणी झाडाच्या गरजेवर नाही, लाईनवर ठरतं, असा माझा अंदाज आहे आणि तोच तपासायचाय. आमच्याच विहिरीवर 200 लिटरचा ड्रम 50 सेकंदात भरला, म्हणजे तासाला 14,400 लिटर, सहा तास मोटर राहिली की 86 हजारांच्या वर. हा हिशोब मी कॉलेजात शिकवतो पण घरी पहिल्यांदाच केला!

उद्देश तीनच. आंबिया बहाराला प्रत्यक्ष किती पाणी जातं ते मोजणं, ठिबकवाले आणि दांडानं देणारे यांच्यात खरंच किती फरक पडतो ते पाहणं (ठिबक असूनही ड्रिपर चोक झाले म्हणून नळी कापून पाणी सोडणारे बरेच आहेत, त्यांची नोंद वेगळी ठेवू), आणि रात्रपाळीच्या आठवड्यात पाणी जास्त जातं का ते बघणं.

काम असं: नोव्हेंबरमध्ये तीन गावांतल्या 20 बागा निवडायच्या, 10 ठिबकच्या 10 दांडाच्या, आणि मोटरच्या पेटीत तासमीटर बसवायचे. डिसेंबरमध्ये बाग ताणावर असते, तेव्हाचं रीडिंग शून्याच्या जवळ यायला पाहिजे, नाही आलं तर मीटर तरी बिघडलाय नाहीतर त्याच मोटरवर गहू-हरभरा भिजतोय. जानेवारीत ताण तुटला की जूनपर्यंत दर आठवड्याला रीडिंग, महिन्यातून एकदा ड्रमनं धार मोजणं कारण उन्हाळ्यात धार बारीक होते. पातळी फक्त विहिरींची घेऊ, बोअरमध्ये टेप अडकते. जुलैत प्रत्येक शेतकऱ्याला त्याचा आकडा त्याच्याच बांधावर सांगायचा.

खर्च एकूण 1,08,000 रुपये. तासमीटर 900 प्रमाणे 20, म्हणजे 18,000. पाण्याचे मीटर महाग पडतात आणि गाळानं जाम होतात म्हणून ते घेतले नाहीत. वायरमनची मजुरी 6,000, पातळीची टेप 9,000. सगळ्यात मोठा आकडा मानधनाचा, 56,000. गावातलीच दोन पोरं, महिना 4,000, सात महिने. बाहेरचा माणूस गेला की शेतकरी पेटी उघडू देत नाही, म्हणून यात कपात करू नये ही विनंती. पोरांच्या गाड्यांचं पेट्रोल 14,000, वह्या-झेरॉक्स आणि जुलैचा चहा 5,000. लॅपटॉप मागितला नाही, कॉलेजचा आहे, हळू आहे पण चालतो.