विषय: सांगली-पुणे एकत्र कामाचा प्रस्ताव आणि पैशांचं गणित

नमस्कार मेघनाताई,

मी अमोल, सांगलीहून. फेब्रुवारीत हळदीच्या त्या पाऊचवरून आपलं फोनवर बोलणं झालं होतं. लेबल आमचं होतं आणि वेबसाइट तुम्ही करत होतात. लोगो पाऊचच्या फोटोवरून कापून घेण्याऐवजी तुम्ही फोन करून मूळ फाइल मागितलीत. दोन दिवसांनी पुन्हा फोन केलात, कारण क्लायंटने साइटसाठी दिलेल्या यादीत वजन २५० ग्रॅम होतं आणि आमच्या लेबलवर २०० ग्रॅम. चूक यादीत होती, पण ती तशीच साइटवर गेली असती तर बोलणी आपल्या दोघांनाही बसली असती. बॅक पॅनेल वाचणारे वेबसाइटवाले मला तरी पहिल्यांदाच भेटले. हे पत्र त्या दुसऱ्या फोनमुळे लिहितोय.

आम्ही तिघं आहोत. लेबल, पाऊच, बॉक्स हेच आमचं काम. बहुतेक क्लायंट हळद, बेदाणा, मसाले, गूळ यांतले. निव्वळ वजन, एमआरपी, एफएसएसएआयचा चौदा आकडी लायसन्स नंबर, शाकाहारी चिन्ह कुठे आणि किती मोठं, यात आमचा हात बसलेला आहे. वेबसाइट आम्ही करत नाही. एकदा केली होती, तो क्लायंट आजही भेटला की विषय काढतो. पण लेबल हातात पडलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आता ऑनलाइन विकायचंय, कोणी आहे का ओळखीचं?" गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला नऊ जणांनी विचारला. तुमच्याकडे याच्या उलट होत असणार. साइट तयार, आणि फोटो काढायला घेतले की पाऊचवर घरच्या प्रिंटरवर काढलेलं स्टिकर.

म्हणून सुचवतो की एकमेकांकडे काम पाठवू आणि जिथे गरज असेल तिथे मिळून करू. पैशांचं मात्र आत्ताच स्पष्ट बोललेलं बरं. तीन वर्षांपूर्वी मी एका एजन्सीला क्लायंट दिला होता. 'दहा टक्के' असं चहावर ठरलं. मी समजलो बिलाचे, ते समजले नफ्याचे. वर्षअखेरीस मला कळवण्यात आलं की नफाच झाला नाही. भांडण करण्याइतकी रक्कम नव्हती, पण तेव्हापासून मी नुसत्या टक्क्यांवर बोलत नाही. कशाचे टक्के, ते आधी.

तर कशाचे: क्लायंटकडून प्रत्यक्ष हातात आलेल्या फीचे, जीएसटी सोडून. तुमच्याकडे जाहिरातींचा खर्च क्लायंटच्याच कार्डावरून जात असेल तर तो यात नाही. आमच्याकडे छपाईचे पैसे क्लायंट थेट छपाईवाल्याला देतो, त्यात आम्ही कमिशन घेत नाही, म्हणून तेही नाही. फक्त ओळख करून दिली आणि बाजूला झालो, तर दहा टक्के, दोन्ही बाजूंना सारखेच. समजा मी पाठवलेल्या क्लायंटची साइट तुम्ही ७५,००० ला केलीत आणि ३०,००० ॲडव्हान्स आला, तर माझे ३,०००, पैसे जमा झाल्यापासून सात दिवसांत. उरलेले आले की उरलेले ४,५००. मी १८ टक्के जीएसटी लावून बिल देईन, टीडीएस लागू असेल तर कापा. एमएसएमई कायदा लेखी करार असेल तर ४५ दिवसांपर्यंत मुभा देतो, पण एवढ्या छोट्या रकमेसाठी दीड महिना आठवण करत बसायला मला लाज वाटते. क्लायंटने पैसे बुडवले तर माझेही बुडाले, त्यावर मी काही मागणार नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. वरवर समान दिसलं तरी या हिशेबात माझा फायदा जास्त आहे. लेबलचं काम एकदाच होतं, तुमचं मेंटेनन्स आणि जाहिरातींचं बिल दर महिन्याला. ते तीन वर्षं चाललं आणि तीन वर्षं दहा टक्के मी खाल्ले, तर दुसऱ्या वर्षी तुम्हाला माझं नावही नकोसं होईल. म्हणून मासिक कामावर फक्त पहिले सहा महिने, नंतर शून्य. तुम्हाला तीनच महिने योग्य वाटत असतील तर तसं सांगा, मी अडून बसणार नाही.

दोघं मिळून काम करू तेव्हा रेफरल फी नाही. ज्याचं काम त्याचे पैसे, आणि बिलंही आपापली थेट क्लायंटला. एकाने सगळं बिल करायचं आणि दुसऱ्याला वाटून द्यायचं, यात पैसे एकाच्या खात्यात अडकतात आणि मन दुसऱ्याचं. सध्या तासगावचे एक बेदाणा व्यापारी विचारतायत. माझा अंदाज असा: सहा लेबलं प्रत्येकी ९,००० प्रमाणे ५४,०००, तुमची साइट ८०,०००, फोटोग्राफरचे १८,००० (ते त्यालाच, आपण मध्ये काही ठेवायचं नाही) आणि समन्वयाचे ८,०००. एकूण १,६०,०००. शेवटची ओळ मुद्दाम वेगळी लिहिली आहे. हे गृहस्थ ईमेल वाचत नाहीत, प्रत्येक वेळी गाडी काढून तासगावला जाऊन गोदामात बसावं लागतं, आणि ते मी करणार. क्लायंट पुण्यातला असेल आणि तुम्ही धावपळ करत असाल तर ती ओळ तुमची. साइटचा आकडा मी अंदाजाने टाकलाय, तो तुम्हीच बदला. व्यापाऱ्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही.

बदलांच्या दोन फेऱ्या कोटेशनमध्येच, तिसरीचे पैसे वेगळे. लेबलमध्ये आमची चूक निघाली आणि त्यामुळे तुम्हाला साइटवर पानं पुन्हा करावी लागली तर त्या वेळेचं बिल आम्हाला लावा. उलटही तसंच.

क्लायंटपासून फी लपवायची नाही. ओळख करून देतानाच मी सांगेन की काम झालं तर मला यातून काही मिळणार आहे. आणि ती फी कोटेशनमध्ये चढवायची नाही, नाहीतर आपण दोघांनी मिळून त्यालाच कापल्यासारखं होईल. तुमच्याकडून आलेल्या क्लायंटने मला वेबसाइटबद्दल विचारलं तर मी तुमच्याकडेच परत पाठवेन, निदान वर्षभर तरी. बाकी तुम्ही इतर डिझायनरांबरोबर काम करा, मीही इतरांबरोबर करेन. एकमेकांना बांधून घ्यायची गरज नाही.

हे सगळं पटलं तर दीड पानात लिहून काढू आणि तासगावच्या कामावर करून पाहू. नाही जमलं तर ते काम पूर्ण करून थांबू, आधी पाठवलेल्या क्लायंटची फी मात्र ठरल्याप्रमाणे.

गुरुवारी, १८ तारखेला, मी मार्केट यार्डात भुसार बाजारात एका मसालेवाल्याकडे येतोय, बाराच्या सुमारास मोकळा होईन. तुमचं ऑफिस बिबवेवाडीतच आहे ना? येऊ का? येताना हळदीच्या पाऊचची नवी छपाई आणतो. पिवळा रंग अजूनही तुमच्या साइटशी जुळत नाही, तेही समोर ठेवून बघू.

आपला,
अमोल
सांगली