आईच्या गोळ्या : सुमनमावशींसाठी, सोमवार ३ नोव्हेंबरपासून

मावशी नमस्कार, उद्या पहाटे मी अहमदाबादला निघतेय, त्यामुळे आईच्या गोळ्यांचं सगळं इथे लिहून ठेवते. हाच मेसेज मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलाय. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आहे आणि त्यांनी तोंडी सगळं गुजरातीत सांगितलं, तुम्ही वाचता मराठी, म्हणून मी मराठीत करून परत दवाखान्यात फोन लावला आणि एकेक ओळ गुजरातीत वाचून दाखवली. त्यांनी हो म्हटलं तेवढंच खाली आहे, माझ्या मनाचं काही नाही.

सगळ्यात आधी लाल डबी. त्यात सांधेवाताची नवीन गोळी आहे, नाव मेथोट्रेक्सेट. ही रोज द्यायची नाही मावशी. आठवड्यातून फक्त एकदा, बुधवारी रात्री जेवण झाल्यावर, साडेसात एमजीच्या २ म्हणजे दोन गोळ्या, एकदम. मग पुढच्या बुधवारपर्यंत त्या डबीला हात लावायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते "अठवाडिये एक वार", त्यांच्या बोलण्यात वार म्हणजे वेळ, आपण मराठीत वार म्हटलं की सोमवार मंगळवार डोक्यात येतं. मी आधी कागदावर घाईत "आठवडा १ वार" असंच खरडलं होतं, मग वाटलं की हे वाचून कुणाचाही घोळ होईल, म्हणून खोडलं आणि वाराचं नावच लिहिलं, बुधवार.

आणि मेडिकलवाल्याने ज्या कागदी पाकिटात ही गोळी दिली त्यावर पेनाने "सवारे १" असं लिहिलेलं होतं, गुजरातीत, म्हणजे सकाळी एक. ते चूक होतं. दुकानात गर्दी होती, त्याने सगळ्या पाकिटांवर एकच लिहिलं असणार. ते पाकीट मी फाडून टाकलंय पण तुम्हाला मुद्दाम सांगते कारण पुढच्या वेळी गोळ्या आणाल तेव्हा परत तसंच लिहून येऊ शकतं. ही गोळी रोज दिली गेली तर जिवावर बेततं, रक्तातल्या पेशी कमी होतात, तोंड सोलतं, इन्फेक्शन होतं. त्यामुळे पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, आपला बुधवार.

चुकू नये म्हणून मी स्ट्रिप कात्रीने कापून दोन-दोन गोळ्यांचे तुकडे केलेत, गोळ्या फोडल्या नाहीत, त्या पन्नीतच आहेत. चार लिफाफ्यांवर तारखा टाकल्यात : ५, १२, १९ आणि २६ नोव्हेंबर. त्या रात्री त्या तारखेचा लिफाफा उघडायचा, आईला गोळ्या देऊन रिकामी पन्नी परत लिफाफ्यात टाकायची आणि लिफाफा डबीतच ठेवायचा. आई विसरते हल्ली, तुम्हाला म्हणेल "अगं मी घेतलीच नाही, दे", तेव्हा वाद नको, लिफाफा उघडून तिलाच दाखवायचा, पन्नी रिकामी असली की गोळी झाली. बाकीची स्ट्रिप आईच्या कपाटात कुलपात आहे, ती काढायची नाही. गोळी कुटायची नाही, तोडायची नाही, हात धुऊन घ्या. तुमची सून कधी सोबत आली तर तिला ही डबी हाताळू देऊ नका, तिला दिवस गेलेत आणि पोटातल्या बाळाला ह्या गोळीचा धोका असतो.

बुधवारी राहून गेली तर गुरुवारी सकाळी मला फोन करा, स्वतःहून देऊ नका, आणि पुढच्या बुधवारी दोनच्या चार तर कधीच नाही. घेतल्यावर उलटी झाली तरी परत द्यायची नाही, मला विचारा.

पिवळी डबी फॉलिक ॲसिडची, ५ एमजी. शुक्रवारी दुपारी जेवणानंतर १ म्हणजे एक. बुधवारच्या गोळीचा त्रास कमी व्हावा म्हणून आहे. दोन्ही गोळ्या पिवळसर आणि लहान दिसतात, म्हणून रंगावर जाऊ नका, झाकणावरचा वार वाचा.

आता पांढरी डबी, प्रेडनिसोलोन ५ एमजी. ही मात्र रोजची, सकाळी नाश्ता झाल्यावर, उपाशीपोटी नाही. ३ ते १६ नोव्हेंबर रोज १ पूर्ण गोळी. सोमवार १७ तारखेपासून ३० पर्यंत रोज अर्धी गोळी. इथे नीट बघा, डॉक्टर म्हणाले "पछी अढी", म्हणजे अडीच एमजी, आणि ५ एमजीची गोळी अर्धी केली की अडीच एमजी होते. अडीच गोळ्या नाही!! अढी आणि अडधी कानाला जवळपास सारखंच लागतं, मीही दोनदा विचारलं, ते म्हणाले "अडधी गोळी, रोज एक वखत". ते अर्धे तुकडे मी करून ठेवलेत, छोट्या चौकोनी डबीत चौदा आहेत. ही गोळी एकदम बंद करायची नाही, आई म्हणाली आता बरं वाटतंय तरी नाही.

बीपीची सकाळची गोळी नेहमीसारखी, त्यात काही बदल नाही.

दुखलंच फार तर पॅरासिटामॉल ५०० एमजी, एक गोळी, परत लागली तर सहा तासांनी, दिवसात जास्तीत जास्त तीन. चिठ्ठीवर एसओएस लिहिलंय त्याचा अर्थ लागली तरच. दांडिया बाजारातून दुसरी कुठली दुखण्याची गोळी आणायची नाही, शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिली तरी नाही. सर्दी, लघवीची जळजळ असल्या कशासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर आधी सांगा की मेथोट्रेक्सेट चालू आहे, काही अँटिबायोटिक ह्या गोळीबरोबर चालत नाहीत.

तोंडात फोड, ताप, घसा धरला, कोरडा खोकला, दम लागतोय, अंगावर निळे डाग किंवा हिरड्यांतून रक्त, डोळे पिवळे, जुलाब-उलट्या थांबत नाहीत, ह्यातलं एकही दिसलं तर त्या बुधवारची गोळी थांबवा आणि लगेच फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठवा. दम लागला तर माझी वाट बघू नका, १०८ लावा. आणि कधी चुकून लाल डबीतली गोळी दोन दिवस लागोपाठ दिली गेली तर आई अगदी ठणठणीत दिसली तरी तेव्हाच दवाखान्यात न्या, लिफाफे बरोबर घेऊन. कुणी तुम्हाला रागावणार नाही, फक्त लपवू नका.

१७ तारखेला सकाळी आठला रक्त घ्यायला मुलगा येईल, उपाशी राहायची गरज नाही. १ डिसेंबरला मी येते, तिला डॉक्टरांकडे मीच घेऊन जाईन.

आईची बोटं इतकी सुजलीत की तिला पन्नी फोडता येत नाही, काल मी बघितलं, दात लावत होती, म्हणून गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवा आणि पाणी हातात द्या.

मावशी, वाचून झालं की "हो" असं लिहू नका, मला एक व्हॉइस मेसेज पाठवा आणि तुमच्या शब्दांत सांगा की लाल डबी कधी, किती, आणि १७ तारखेला पांढरीचं काय करायचं. मी ऐकल्याशिवाय झोपणार नाही.