गॉट स्टोलन की वॉज स्टोलन? रविवारच्या बॅचचं सरावपान

गेल्या रविवारी आपल्या नौपाड्याच्या बॅचमधल्या एका ताईंनी सगळ्यांना सांगितलं, "माय फोन वॉज स्टोलन इन द ट्रेन." वाक्यात चूक शोधूनही सापडणार नाही. पण त्या मैत्रिणींना सांगत होत्या, डोळ्यांत पाणी होतं, आणि वाक्य मात्र पोलीस चौकीत लिहून दिल्यासारखं आलं. त्या वेळी "माय फोन गॉट स्टोलन!" जास्त मनातून आलं असतं. आजचं पान त्या फरकाचं आहे.

हा फरक मराठी माणसाला नवा नाही. घरी आपण म्हणतो, फोन चोरीला गेला, दंड झाला, ओरडा बसला. पेपरात छापून येतं, दंड आकारण्यात आला. स्टेशनवर घोषणा होते, गाडी रद्द करण्यात आली आहे, आणि फलाटावरचा माणूस बायकोला फोनवर सांगतो, "अगं, गाडी कॅन्सल झाली." 'गॉट'चा सूर या 'झाली'च्या, 'गेला'च्या जवळचा आहे. 'वॉज' मात्र 'करण्यात आली'इतका कडक नाही, तो गप्पांतही चालतो. म्हणून बोलताना 'वॉज' आला तर घाबरू नका. अर्जात, ऑफिसच्या मेलमध्ये 'गॉट' आला तर मात्र खोडा.

सराव १. मैत्रिणीला फोनवर सांगताय असं समजा आणि 'गॉट' वापरून मोठ्याने म्हणा. उत्तरं खाली आहेत, ती झाकून ठेवा.

ठाणे स्टेशनवर माझं पाकीट मारलं गेलं.
आम्ही ऐरोलीच्या पुलावर अडकलो.
हेल्मेट नव्हतं, दादाला दंड झाला.
वहिनीला बढती मिळाली.
शेजारचा मुलगा विनातिकीट पकडला गेला.

उत्तरं: "माय वॉलेट गॉट स्टोलन ॲट ठाणे स्टेशन." "वी गॉट स्टक ऑन द ऐरोली ब्रिज." "माय ब्रदर गॉट फाइन्ड." "माय सिस्टर-इन-लॉ गॉट प्रमोटेड." "द बॉय नेक्स्ट डोअर गॉट कॉट विदाउट अ टिकट."

ही पाच वाक्यं पुन्हा वाचा. कुणाचं तरी नुकसान झालंय, नाहीतर कुणाचं भलं झालंय. 'गॉट' अशाच जागी आवडीने बसतो: माणसावर काहीतरी येऊन पडलं, किंवा पदरात पडलं. शेवटच्या वाक्यात आणखी एक छटा आहे. त्या मुलाने ते थोडं ओढवून घेतलंय. ते ठासून सांगायचं असेल तर "ही गॉट हिमसेल्फ कॉट" म्हणतात, म्हणजे स्वतःच्या हाताने अडकला.

सराव २. चुका दुरुस्त करा. या चुका मी दर बॅचमध्ये ऐकते, म्हणून इथे जरा थांबू.

चूक: "आय वॉज गॉट सिलेक्टेड." बरोबर: "आय गॉट सिलेक्टेड." किंवा "आय वॉज सिलेक्टेड." दोघांतला एकच घ्या.
चूक: "वेअर यू गॉट फाइन्ड?" बरोबर: "डिड यू गेट फाइन्ड?"
चूक: "आय गॉट नॉट पेड धिस मंथ." बरोबर: "आय डिडन्ट गेट पेड धिस मंथ."
चूक: "डिड यू गॉट कॉट?" बरोबर: "डिड यू गेट कॉट?"

असं का? 'वॉज' हे सहायक क्रियापद आहे. प्रश्न करायचा तर तेच पुढे येतं, नकार करायचा तर 'नॉट' त्यालाच चिकटतं: "वॉज ही फाइन्ड?", "ही वॉजन्ट फाइन्ड." 'गॉट' दिसायला त्याच्या जागी बसतो, पण वागतो साध्या क्रियापदासारखा. 'गो'चं "डिड यू गो?" होतं, तसंच 'गेट'चं "डिड यू गेट फाइन्ड?" होतं. 'डिड' आला की भूतकाळ त्याच्याकडे गेला, मग मागे 'गॉट' नाही, 'गेट'. हे कागदावर कळतं आणि जिभेवर विसरतं, म्हणून चारही बरोबर वाक्यं रोज दहा वेळा म्हणा. चुकीची म्हणू नका, कानाला सवय लागते.

सराव ३. माझा सगळ्यात आवडता. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत मुलं क्रिकेट खेळताहेत. दोन वाक्यं:

"द विंडो वॉज ब्रोकन."
"द विंडो गॉट ब्रोकन."

दोन्हींचं मराठी लिहा. बहुतेक जण दोन्हीकडे "काच फुटली" लिहितात. दुसऱ्याचा अर्थ तोच: चेंडू आला, काच फुटली. पहिल्याचे दोन अर्थ होतात: काच फुटली, किंवा काच आधीच फुटलेली होती. 'फुटली' आणि 'फुटलेली होती' यांत मराठीत आपण कधी घोटाळा करत नाही. इंग्रजीत 'वॉज' दोन्ही कामं करतो, म्हणून घटना घडली असं स्पष्ट सांगायचं तर 'गॉट' कामाला येतो. आता सांगा, "मी पोचले तेव्हा बँक बंद होती" इथे 'गॉट' चालेल का? नाही. बँक माझ्यासमोर बंद झाली नाही, ती बंदच होती: "द बँक वॉज क्लोज्ड." लग्नाचंही तसंच. "शी गॉट मॅरिड" म्हणजे तिचं लग्न झालं, "शी वॉज मॅरिड" म्हणजे बहुधा ती विवाहित होती.

सराव ४. इथे 'गॉट' का बसत नाही ते सांगा.

"सिडको वॉज सेट अप इन 1970."
"ठाणे इज नोन ॲज द सिटी ऑफ लेक्स."

पहिल्यात विचार करून, ठरवून केलेलं काम आहे आणि सूर इतिहासाचा आहे. "गॉट सेट अप" म्हटलं तर ती संस्था चुकून उभी राहिल्यासारखी वाटते. दुसऱ्यात काही घडतच नाही. ओळख आहे, ती असते. 'नो', 'लव्ह', 'ओन' असल्या क्रियापदांना 'गेट' सहसा लावत नाहीत.

'बाय' बद्दल थोडक्यात. "ही गॉट हिट बाय अ रिक्षा" बरोबर आहे. पण 'गॉट'च्या वाक्यात कुणी केलं हे बहुतेक वेळा सांगतच नाहीत. आणि "आय गॉट माय फोन रिपेअर्ड" हे वेगळं: इथे मी फोन दुरुस्त करून घेतला. मध्ये वस्तू आली की अर्थ बदलतो, ते पुढच्या रविवारी.

सराव ५. एकच घटना, दोन माणसं. आधी मैत्रीण:

"यू नो व्हॉट, माय फोन गॉट स्टोलन यस्टरडे! इट वॉज सो क्राउडेड आफ्टर रबाळे, आय गॉट पुश्ड अँड आय डिडन्ट इव्हन नोटिस."

आता रेल्वे पोलिसांना द्यायचा अर्ज:

"माय मोबाइल फोन वॉज स्टोलन यस्टरडे ॲट अबाउट सेव्हन इन द इव्हनिंग, बिट्वीन रबाळे अँड घणसोली. आय वॉज पुश्ड निअर द डोअर. द फोन वॉज इन माय बॅग."

मैत्रिणीच्या वाक्यातला "इट वॉज सो क्राउडेड" नीट बघा. डबा आधीच भरलेला होता, म्हणून तिथे 'वॉज'च आला. अर्जातल्या शेवटच्या वाक्यात पॅसिव्ह नाहीच, फोन बॅगेत होता एवढंच.

घरचा अभ्यास: तुमच्या बाबतीत घडलेली एक गोष्ट अशीच दोनदा लिहा, एकदा बहिणीला आणि एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींना. चार-चार ओळी पुरेत. ज्या ताईंचा फोन गेला त्यांनी वरची गोष्ट परत लिहू नये. त्यांनी सुखाची लिहावी, "आय गॉट सिलेक्टेड" असं काहीतरी. पुढच्या रविवारी सगळ्यांत आधी त्यांचीच ऐकू.