नेहमी विचारले जाणारे प्रश्न : एसी दुरुस्ती व सर्व्हिसिंग, फोंडा

पणजी-म्हापशाकडे येता का?
होय, मात्र त्या बाजूची फेरी मंगळवारी व शुक्रवारीच असते. चतुर्थीच्या दिवसांत काम बंद राहते.

आतल्या युनिटमधून पाणी गळते. गॅस संपला का?
सर्वाधिक फोन याच प्रश्नासाठी येतात. बहुधा निचऱ्याच्या नळीत धूळ वा शेवाळ अडकल्याने पाणी मागे फिरते. गॅस वापराने संपत नाही, गळती असेल तरच कमी होतो. एसी बंद ठेवून नळीचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवावे.

सर्व्हिसिंग केव्हा करावे?
वर्षातून दोनदा, परंतु मिरामार, कळंगुट अशा किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने बाहेरचे युनिट लवकर गंजते, म्हणून तेथे दर चार महिन्यांनी ते धुऊन घ्यावे.

तपासणीचे शुल्क किती?
३०० रुपये, दुरुस्ती केल्यास बिलातून वजा होतात.